काउंटर कुणाच्या मापाचं? सहा इंचांचा इतिहास

पोस्ट जरा मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात गावातल्या एका बँकेत पासबुक भरायला गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे आमचे टेलर मास्तर. वय पन्नाशीच्या पुढं, उंची चार फूट दोन इंच. गावातल्या अर्ध्या लोकांच्या लग्नाचे कपडे त्यांनी शिवलेत, माझेसुद्धा. आधीच्या माणसाचं काम झालं. काउंटरमागच्या मुलीनं मान वर केली, थेट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या सर, बोला." मी म्हटलं, "माझ्याआधी मास्तर आहेत." तिला कळेना कोण मास्तर. तेवढ्यात काउंटरच्या कडेवर पैसे काढायची स्लिप धरलेला एक हात आला. मागून दोघं-तिघं हसले. मुलगी ओशाळली. "सॉरी काका, दिसला नाहीत." मास्तर शांतपणे म्हणाले, "मी होतोच की इथं. मधे तुमचं काउंटर आलं."

मुलगी नवीन होती, तिची चूक म्हणता येणार नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्याच दुकानातली टेप घेऊन आम्ही दोघं बँकेत गेलो आणि काउंटर मोजलं. जमिनीपासून बेचाळीस इंच, म्हणजे १०७ सेंटीमीटर. ग्राहकाच्या बाजूला आणखी फूटभर रुंद ग्रॅनाइटची पट्टी, तिच्यापलीकडे काच, आणि काचेत पैसे सरकवायची फट. मास्तरांचे डोळे त्या पट्टीच्या जेमतेम तीन-चार इंच वर येतात. फटीपर्यंत हात पोचवायचा तर टाचा उचलाव्या लागतात, आणि तोवर समोरच्याला दिसतात ते फक्त केस.

हे बेचाळीस इंच आले कुठून? फर्निचर करणाऱ्या सुताराला विचारलं. तो म्हणाला, "उभ्या माणसाला कोपर टेकवून सही करता आली पाहिजे, म्हणून." कुठल्या उभ्या माणसाला, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही पडला नव्हता.

आता एक गोष्ट आधी समजून घेऊ, कारण इथंच बहुतेकांचा घोळ होतो. आपल्याला वाटतं, चार फुटांचा मोठा माणूस म्हणजे उंचीनं आठ-नऊ वर्षांच्या पोरासारखा, तर पोराचा हात पोचतो तिथं याचाही पोचेल. तसं नसतं. मास्तरांना आहे ती अकाँड्रोप्लेझिया नावाची अवस्था. उंची खुंटण्याची कारणं शेकड्यांनी आहेत, पण सगळ्यात जास्त आढळणारं हे. एका जनुकातल्या बदलामुळे हाडांची लांबी वाढत नाही. ते जनुक कोणतं, हे १९९४ साली सापडलं. अशा दर पाच मुलांपैकी साधारण चार मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे "घराण्यातच असेल" हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

या अवस्थेत धड जवळपास नेहमीच्या मापाचं असतं. आखूड असतात ते हातपाय, त्यातही दंड आणि मांड्या. कोपर पूर्ण सरळ होत नाही. म्हणून मास्तर आणि त्यांच्याच उंचीचा शाळकरी पोरगा शेजारी उभे राहिले आणि दोघांनी हात वर केले, तर पोराचा हात बराच वर जातो. मास्तरांचा डोक्याच्या थोडाच वर. म्हणजे माप घ्यायचं असेल तर नुसत्या उंचीचं घेऊन भागत नाही, हात कुठवर पोचतो याचं घ्यावं लागतं. लाईटचं बटण, लिफ्टचं बटण, एटीएम, दाराची वरची कडी, सगळीकडे प्रश्न या पोचेचाच आहे.

आणि या पोचेच्या मापाला एक इतिहास आहे. तो घडला अमेरिकेत, पण आपल्याकडच्या एटीएमपर्यंत येऊन भिडतो. म्हणून सांगतो.

इमारती अपंगांना वापरता याव्यात यासाठी अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय प्रमाण १९६१ साली निघालं. त्यामागचा मुख्य माणूस होता टिमोथी न्यूजंट. इलिनॉय विद्यापीठात व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यानं काम उभं केलं होतं. साहजिकच त्या प्रमाणाच्या मध्यभागी व्हीलचेअरवर बसलेला माणूस होता. उतार किती असावा, दार किती रुंद असावं, बसल्या जागेवरून हात कुठवर जातो. काम मोठंच होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्या दिवसापासून 'अपंगासाठी सोय' म्हटलं की आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्हीलचेअर येऊ लागली. आपल्याकडच्या पाट्यांवर आजही तेच चित्र असतं.

पुढे १९९० साली तिथं अपंगांच्या हक्काचा मोठा कायदा झाला आणि १९९१ साली त्याखालचे बांधकामाचे नियम आले. बटणं, खटके, यंत्रांच्या कळा किती उंचीवर असाव्यात, याचे त्यात दोन आकडे होते. समोरून हात घालायचा असेल तर जास्तीत जास्त ४८ इंच. व्हीलचेअर बाजूला लावून हात घालायचा असेल तर ५४ इंच. बसलेल्या माणसाचा हात बाजूला जास्त उंच जातो, म्हणून हा फरक. यंत्र बसवणाऱ्यांनी अर्थातच जिथं जमेल तिथं मोठा आकडा धरला. एटीएम ५४ इंचांवर, पेट्रोल पंपाची कळ ५४ वर, लिफ्टची बटणं ५४ वर. कायद्यानं सगळं बरोबर.

फक्त चार फुटांच्या माणसासाठी ५४ इंच म्हणजे डोक्याच्या अर्धा फूट वर.

तिथं बुटक्या माणसांची एक संघटना होती, लिटल पीपल ऑफ अमेरिका. बिली बार्टी नावाच्या सिनेनटानं १९५७ साली नेव्हाडा राज्यातल्या रीनो गावात अशा लोकांना जमवलं होतं. आले जेमतेम वीसेक जण. तिथून ही संघटना सुरू झाली. नव्वदच्या दशकात तिनं हा सहा इंचांचा प्रश्न हातात घेतला. पुढाकार होता अँजेला व्हॅन एटन या वकीलबाईंचा. मूळच्या न्यूझीलंडच्या, आणि स्वतः बुटक्या. बांधकामाची प्रमाणं ठरवणाऱ्या समितीत त्या संघटनेच्या वतीनं बसत.

त्यांचं म्हणणं इतकं साधं होतं की ऐकून वाटतं, यात भांडायचं काय? ४८ इंचांवर व्हीलचेअरवाल्याचा हात पोचतोच, उंच माणसाचाही पोचतो. मग वरची मर्यादा सगळीकडे ४८ करा. कुणाचं काही जात नाही आणि आमच्यातल्या पुष्कळांचा हात पोचू लागतो. पण नियम बदलायचा म्हणजे यंत्रांचे साचे बदलायचे, खर्च करायचा. एटीएमवाले, लिफ्टवाले, पंपवाले सगळ्यांच्या हरकती. तरी १९९८ साली ते प्रमाण ४८ इंचांवर आलं. सरकारी मंडळानं ते २००४ साली आपल्या सूचनांत घेतलं, २०१० साली न्याय खात्यानं नियमात घेतलं, आणि १५ मार्च २०१२ पासून नव्या बांधकामाला ते सक्तीचं झालं. सहा इंच खाली यायला पहिल्या होकारापासून चौदा वर्षं लागली.

त्यातही फटी राहिल्या, त्याही सांगतो. जुन्या नियमाप्रमाणे ५४ वर बसवलेलं यंत्र दुरुस्ती-बदल होईपर्यंत तसंच ठेवायला मुभा मिळाली. सोळापेक्षा जास्त दारं उघडणाऱ्या लिफ्टला ५४ ची सूट राहिली, कारण एवढी बटणं खाली मावत नाहीत असं म्हणणं होतं. आधीच्या उंच कट्ट्यावर बसवलेल्या पेट्रोल पंपालाही सूट. आणि ४८ इंचांनी सगळ्यांचं भागलं असंही नाही, साडेतीन फुटांच्या माणसाला तेही उंचच. पण विक्रीच्या काउंटरसाठी तिथं १९९१ पासूनच एक चांगली अट होती. काउंटरचा निदान तीन फूट लांबीचा एक तुकडा ३६ इंचांपेक्षा उंच नको. बेचाळीस आणि छत्तीस, पुन्हा सहाच इंच. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच टेप काढली आणि छत्तीसवर बोट ठेवून स्वतःच्या छातीला लावून बघितली. म्हणाले, "एवढं असतं तर मी उभ्या उभ्या सही केली असती."

आता आपल्याकडे येऊ.

आपला अपंगांसाठीचा पहिला कायदा १९९५ चा. त्यात सात प्रकार होते. बुटकेपणाचं नाव त्यात नव्हतं. 'अस्थिव्यंग' होतं, पण त्याची व्याख्या हातापायांच्या हालचालीवर मोठं बंधन येण्याची. मास्तर तर चालतात, मशीन मारतात, सायकलची उंची कमी करून घेऊन सायकलही चालवायचे. मग यांना अपंग म्हणायचं का? २००१ साली अपंगत्व मोजायच्या सरकारी सूचना निघाल्या. त्यात हा प्रकार आला आणि त्याबरोबर एक हिशेबही आला. उंचीतल्या प्रत्येक कमी इंचाला चार टक्के.

कायद्यात स्वतःचं नाव यायला मात्र २०१६ साल उजाडलं. नव्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात मोठेपणी उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी, अशी व्याख्या आहे. सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांत अस्थिव्यंगाच्या एक टक्क्यात हेही धरलेत. पण आरक्षणासारख्या फायद्यांसाठी अट आहे निदान ४० टक्के अपंगत्वाची.

आता मास्तरांचं माप घ्या. चार फूट दहा वजा चार फूट दोन, उरले आठ इंच. आठ चोक बत्तीस. म्हणजे नुसत्या उंचीचे ३२ टक्के, चाळीसला आठ कमी. उंचीवर चाळीस भरायचे तर माणूस बरोबर चार फुटांचा किंवा त्याहून बुटका हवा. मास्तरांच्या पायांना बाक आहे, कमरेचा त्रास आहे. अशा गोष्टींचे टक्के वेगळे काढून सूत्रानं त्यात मिळवतात. तसे मिळवले तेव्हा कुठं दाखला चाळीसच्या वर गेला. ज्याला फक्त उंचीचाच प्रश्न आहे आणि जो चार फूट दोन इंच आहे, त्याला बँकेत स्लिप धरून टाचा उचलाव्या लागतातच, पण त्या फायद्यांच्या यादीत तो येत नाही. दाखल्याची टक्केवारी आणि काउंटरची उंची यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे यातून लक्षात येतं.

आणि असे लोक किती आहेत? २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते, त्यात हा रकाना नव्हता. कुणी 'हालचाल' मध्ये गेलं, कुणी 'इतर' मध्ये, कुणी कशातच नाही. मोजलंच नाही म्हटल्यावर मागणी कोण करणार आणि किती जणांच्या नावानं करणार?

एटीएमचं बघा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की एटीएमला उतार करा, आणि यंत्राची उंची व्हीलचेअरवाल्याला अडचणीची होऊ देऊ नका. सूचना चांगली आहे. पण इथंही पुन्हा तीच व्हीलचेअर. उभा राहणारा पण बुटका माणूस त्या वाक्यात बसत नाही. जे अमेरिकेत १९९१ च्या नियमात झालं, तेच इथं.

मास्तरांची एटीएमची गोष्ट ऐकाल तर अंगावर काटा येईल. त्यांचा हात खालच्या आकड्यांपर्यंत पोचतो, पण पडदा वर कलता असतो. उंच डोळ्यांसाठी. खालून बघितलं की त्यावर फक्त ट्यूबलाईटचा उजेड चमकतो, अक्षरं दिसत नाहीत. मास्तरांनी काय केलं, तर एकदा मुलाला शेजारी उभं करून सगळा क्रम पाठ केला. भाषेसाठी बाजूचं कितवं बटण, मग पिन, मग कितवं बटण, मग रक्कम. न बघता पैसे काढायचे. दोन वर्षं चाललं. मग एके दिवशी बँकेनं पडद्याचा क्रम बदलला. कार्ड अडकलं, मागे रांग, लोक कुरकुरायला लागले. शेवटी मागच्या अनोळखी पोराला पिन सांगावा लागला. पोरगा भला निघाला. पण पिन कुणाला सांगू नका हे बँक रोज मेसेज करून सांगते, आणि बँकेचंच यंत्र मास्तरांना तो सांगायला लावतं. तेव्हापासून मास्तर एटीएमला जात नाहीत, काउंटरला रांग लावतात. म्हणून तर त्या दिवशी माझ्यापुढे होते.

रांगेचंही एक आहे, जे मला माहीत नव्हतं. मास्तर रांगेत मधेच उकिडवे बसतात. मला वाटायचं, सवय असेल. लोकही म्हणतात, "बघा, बसले फतकल मारून." अकाँड्रोप्लेझियात पाठीच्या कण्याची पोकळी जन्मतःच अरुंद असते. वयानुसार तिथं मज्जातंतूंवर दाब येतो. बराच वेळ ताठ उभं राहिलं की पाय बधिर होतात, पोटऱ्या भरून येतात. पुढे वाकलं किंवा उकिडवं बसलं की दाब जरा कमी होतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटतं. म्हणजे ते बसणं म्हणजे आळस नव्हे, तो त्या क्षणाचा इलाज आहे. असा माणूस पूर्वीपेक्षा कमी अंतरात थांबायला लागला, किंवा लघवीवरचा ताबा सुटायला लागला, तर ते दुखणं अंगावर काढायचं नसतं, लगेच डॉक्टरांकडे जायचं असतं. हे मास्तरांना त्यांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.

मग खुर्ची द्या की, असं आपण म्हणू. बँकेत खुर्च्या आहेतच. नेहमीच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण अठरा इंच. मास्तरांचे पाय तिथून अधांतरी लोंबतात. पाठ मागे टेकवावी तर पाय सरळ पुढे निघतात, लहान मुलासारखे. पुढे सरकून बसावं तर पाठीला आधार नाही. पाय लोंबत राहिले की कमरेवर ओढ येते आणि पुन्हा तेच बधिर होणं. याला उपाय काय, तर पायाखाली सहा-सात इंचांचा पाट. फुकटात होणारी गोष्ट. मास्तर दवाखान्यात गेले की पिशवीत लाकडी पाट घेऊन जातात. मी इतकी वर्षं समजत होतो, पिशवीत कापड असेल.

त्यांचं स्वतःचं दुकान बघाल तर सगळं उलट आहे. कापडं बेतायचं टेबल इतर टेलरांकडे छातीएवढं, यांनी पाय कापून सत्तावीस इंचांवर आणलंय. मशीनच्या पायट्यावर लाकडी ठोकळे ठोकलेत. इस्त्रीचा स्विचबोर्ड तीन फुटांवर. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घ्यायला दोन पायऱ्यांचं स्टूल, रुंद, बाजूला धरायला दांडा. त्या दुकानात मास्तर कुणाची मदत मागत नाहीत. मीच तिथं वाकून चालतो आणि वायरीला डोकं आपटतो. तिथं अडचण माझी असते. माणूस तोच, रस्त्यापलीकडच्या बँकेत गेला की अपंग होतो.

आता बघण्याबद्दल. हे लिहिताना मला जरा जड जातंय, कारण यात मीही आहे.

बुटक्या माणसाकडे बघायचे पैसे घेण्याचा धंदा जुना आहे. अमेरिकेत बार्नम नावाच्या तमाशावाल्यानं १८४० च्या दशकात चार्ल्स स्ट्रॅटन या पोराला 'जनरल टॉम थंब' नाव देऊन दाखवलं. १८४४ साली इंग्लंडच्या राणीपुढेही नेलं. आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली देशी सर्कस काढली. पुढे ज्या सर्कशी आपण तंबूत बसून बघितल्या, त्यात बुटका विदूषक ठरलेला. त्या लोकांनी त्यावर घर चालवलं, त्यांच्या कष्टाला कमी लेखायचं नाही. पण प्रेक्षक म्हणून आपल्याला एक सवय लागली. असा माणूस दिसला की हसायची परवानगी आहे, तिकिटात ती आलीच. तंबू उठून गेला तरी सवय राहिली. बँकेत मागून हसणाऱ्यांना मास्तरांबद्दल काही राग नव्हता, ते फक्त तिकीट न काढता प्रेक्षक झाले.

आणि माझं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी मास्तरांवर बातमी केली होती. मथळा दिला, 'मूर्ती लहान पण कीर्ती महान'. फोटोसाठी गावातल्या सगळ्यात उंच पैलवानाला त्यांच्या शेजारी उभं केलं. पेपर हातोहात खपला. मला वाटलं, मास्तर खूश. परवा बँक मोजून येताना चहाच्या टपरीवर मी विचारलं, "तेव्हा आवडलं होतं ना?" ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पत्रकार, तुम्ही माझ्या शिलाईबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. गावानं पैलवान बघितला. पोरं वर्षभर शाळेत माझ्या लेकाला त्यावरून चिडवायची." मी काय बोलणार? इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही सांगितलं नाही, आणि माझे कपडे तसेच शिवत राहिले.

२०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमात, अपंग व्यक्तीला लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमानित केलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हे माहीत असावं. पण नुसतं टक लावून बघणं त्यात येत नाही, आणि हेतू सिद्ध करणं सोपं नाही. कायदा तिथवरच जातो. मला आता असं वाटतं की या बघण्यातलं निम्मं तरी काउंटरच तयार करतं. छत्तीस इंचांचं काउंटर असतं तर त्या दिवशी हात वर करायची वेळ आली नसती. हात वर करावा लागला, हाक मारावी लागली, मदत मागावी लागली की माणूस सगळ्यांच्या नजरेत येतो. जिथं काम गुपचूप होतं, तिथं कुणी वळून बघत नाही. मास्तरांच्या दुकानात कोण बघतं त्यांच्याकडे? सगळे आरशात स्वतःला बघत असतात.

मग नियमांचं काय झालं? कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम निघाले १५ जून २०१७ ला, म्हणजे मुदत २०२२ ला संपली. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेच्या नियमात नुसत्या शिफारशी आहेत, सक्ती नाही, आणि असा नियम मूळ कायद्यालाच धरून नाही. सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश दिला. या खटल्यात न्यायालयापुढे हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या केंद्रानं जो अहवाल ठेवला, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो 'सगळ्यांना बसेल असं माप शोधताना'. मास्तरांना हे नाव सांगितलं तर म्हणाले, "सगळ्यांना बसेल असं एक माप नसतंच. म्हणून तर आम्ही शिलाईत आत कापड सोडतो." मला वाटतं न्यायालयापुढचा मुद्दाही तोच होता.

तर आम्ही काय केलं ते सांगून थांबतो. बँकेच्या मॅनेजरांना भेटलो. अर्जात 'अपंगांना सोय करा' असं मोघम लिहिलं नाही. मापं लिहिली. एक, काउंटरच्या टोकाचा तीन फुटांचा तुकडा छत्तीस इंचांवर आणा, तिथली पुढची रुंद पट्टी काढा आणि काच खालपर्यंत पारदर्शक ठेवा, म्हणजे समोरच्याला माणूस दिसेल. दोन, बसायच्या जागेजवळ दोन पाट ठेवा. तीन, टोकन द्या, म्हणजे रांगेत उभं राहायला नको. चार, एटीएम बदलेल तेव्हा पडद्याचा कल आणि कळांची उंची बघून घ्या. तोवर पडद्याचा क्रम बदलला तर तो काउंटरवर छापून द्या.

मॅनेजरांनी आधी स्टूल ठेवतो म्हटलं. स्टूल वाईट नाही, पण ते साफसफाईत कोपऱ्यात जातं, मग कुणाला तरी आणायला सांगावं लागतं, आणि चाकाचं किंवा अरुंद असेल तर पडायची भीती. ठेवायचंच तर रुंद, दांडा असलेलं आणि जागेवर पक्कं केलेलं ठेवा, असं मास्तरांनी समजावलं. पाट दुसऱ्याच दिवशी आले, टोकनही सुरू झालं. त्याचा फायदा गरोदर बायांना आणि गुडघेदुखीवाल्या आजोबांनाही होतोय. काउंटरचा तुकडा वरून मंजुरी आली की करू म्हणतात. तारीख दिलेली नाही. एटीएम आहे तसंच आहे.

तुमच्या ओळखीच्या कुठल्याही कार्यालयात जाल तेव्हा खिशात टेप ठेवा. काउंटर मोजा आणि आकडा खाली कमेंटमध्ये टाका. कार्यालयाचं नाव लिहा, कर्मचाऱ्याचं नको. फोटो काढलात तर काउंटरचा काढा, माणसाचा नको. आकडे जमले की नगरपरिषदेकडे आणि तहसीलला एकत्र अर्ज देऊ.

मास्तरांना ही पोस्ट आधी वाचून दाखवली. दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली. फोटो टाकू का विचारलं, तर नको म्हणाले. म्हणून या वेळी फोटो नाही.